फोडलेल्या अँप्यूलमधलं उरलेलं मॉर्फिन

रात्रीचे दोन वाजले होते. ऑर्थोपेडिकच्या फीमेल वॉर्डात बेड १४ वरच्या आजींच्या सुनेनं माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, "सिस्टर, तुम्ही दोघींनी मिळून आत्ता कापसावर ओतलं ते आजींच्याच इंजेक्शनमधलं होतं ना? अख्ख्या इंजेक्शनचे पैसे आम्ही भरलेत. मग टाकून का दिलं? सकाळी परत दुखलं तर वापरता आलं असतं की."

प्रश्न अगदी रास्त होता. मुंबईत ज्यांचं माणूस कधी ॲडमिट झालंय अशा अनेकांना तो पडलेला असतो, फक्त रात्री दोन वाजता विचारायचा धीर होत नाही. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलींनाही तो पडतो. त्यांना उत्तर म्हणून "पॉलिसी आहे" एवढंच मिळतं, आणि त्या तेवढंच पाठ करून ठेवतात. त्या रात्री मी सुनेला दोन मिनिटांत जे सांगितलं, ते इथे नीट सांगते.

आधी औषधाबद्दल थोडं. मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडिन ही तीव्र वेदनेवरची ओपिऑइड औषधं. वेदना थांबवतात ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक रिसेप्टरना, म्हणजे औषध जिथे बसतं त्या जागांना, चिकटून. पण तेच काम करताना ती झोप आणतात, श्वासाची गती कमी करतात, आणि काही माणसांना त्यांची ओढ लागते. म्हणून ती साध्या औषधांच्या ट्रॉलीत नसतात. जुन्या सिस्टर अजूनही त्या कपाटाला "डीडीए कपाट" म्हणतात. ते नाव १९३० च्या डेंजरस ड्रग्ज ॲक्टवरून आलेलं आहे. तो कायदा जाऊन १९८५ साली अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला, तरी वॉर्डच्या बोलण्यात डीडीए राहिलंच.

एनडीपीएस कायदा सुरुवातीला इतका जाचक होता की पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं आणि कॅन्सरचे पेशंट घरी कळवळत राहिले. २०१४ साली दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना "अत्यावश्यक" असा वेगळा वर्ग मिळाला, आणि मान्यता घेतलेल्या रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. मान्यता राज्याच्या औषध प्रशासनाकडून मिळते, आणि तिच्यासोबत हिशेब ठेवायची जबाबदारीही येते. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण रजिस्टर म्हणजे पेशंटला औषध मिळू नये म्हणून घातलेला अडथळा, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्या वॉर्डचं रजिस्टर स्वच्छ असतं तिथली सिस्टर मध्यरात्री मॉर्फिन काढायला घाबरत नाही. जिथे हिशेबाचा गोंधळ असतो तिथे "उगाच झंझट नको, पॅरासिटामॉल लावू" असं होतं, आणि पेशंट सकाळपर्यंत दात ओठ खात पडून राहतो.

मोजणी कुठे संपते

या औषधांचं, म्हणजे नार्कोटिकचं, कपाट दुहेरी कुलपाचं असतं. बाहेरचं दार, आत आणखी एक कप्पा, दोन्हींच्या चाव्या वेगळ्या. चावी त्या शिफ्टच्या इनचार्ज सिस्टरकडे असते, तिच्या अंगावर. ड्रॉवरमध्ये नाही, खिळ्यावर नाही. प्रत्येक शिफ्ट बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी मिळून कपाट उघडतात, अँप्यूल म्हणजे औषधाच्या काचेच्या बंद कुप्या मोजतात, रजिस्टरमधल्या शिल्लकेशी ताडून पाहतात आणि दोघी सह्या करतात. मोजायचं म्हणजे खोक्यावरचा आकडा वाचायचा नाही. खोकं उघडून प्रत्येक अँप्यूल बोटानं मोजायची, तिची मान शाबूत आहे का, आतलं पाणी स्वच्छ आहे का, तारीख उलटून गेली नाही ना, हे बघायचं.

ही पद्धत चांगली आहे, पण तिची एक मर्यादा आहे आणि या लेखाचा सगळा भर त्या मर्यादेवर आहे. मोजणी राखण करते ती बंद अँप्यूलची. बारापैकी एक नाहीशी झाली तर आठ वाजता कळतंच. पण अँप्यूलची मान एकदा मोडली की ती मोजणीतून बाहेर पडते. समजा डॉक्टरांनी ३ मिलिग्रॅम सांगितलं आणि अँप्यूलमध्ये १० आहे. ३ पेशंटला गेलं, ७ उरलं. ते ७ खरोखर कापसावर गेलं की कुणाच्या खिशात गेलं, की हिशेब कच्चा असल्यामुळे पेशंटच्याच शिरेत जास्तीचं गेलं, हे शिल्लक सांगू शकत नाही. तिन्ही वेळा कपाटात ११ च अँप्यूल असतात. तिन्ही वेळा रजिस्टर जुळतं.

म्हणून उरलेल्या औषधाला साक्षीदार लागतो. तिथे आकडा राखण करत नाही, डोळे करतात.

बेड १४, एक वाजून पस्तीस मिनिटं

आजी ७२ वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या. बाथरूममध्ये पडून खुबा मोडला होता, त्याच दिवशी ऑपरेशन झालेलं. भूल उतरल्यावर वेदना १० पैकी ८. रेसिडेंट डॉक्टरांनी पेशंटला पाहून पेपरवर लिहिलं: इंजेक्शन मॉर्फिन ३ मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश, एकदाच. खाली सही, वेळ. तोंडी ऑर्डरवर नार्कोटिक काढायचं नाही हा नियम मी पाळते. डॉक्टर चार बेड पलीकडे असतील तर पेपर घेऊन चार बेड चालत जाते.

मग साक्षीदार. रात्री वॉर्डात दोनच सिस्टर. माझ्याबरोबरची सिस्टर दुसऱ्या टोकाला सलाईन बदलत होती. मी तिला म्हटलं, "सिस्टर, हातातलं झालं की ये, नार्कोटिक काढायचंय." ती आली तेव्हाच मी कपाटाला चावी लावली. साक्षीदाराला शेवटी सहीपुरतं बोलवायचं नसतं. कपाट उघडल्यापासून उरलेलं टाकेपर्यंत ती सोबत हवी, नाहीतर तिनं काय पाहिलं याला अर्थ राहत नाही. साक्षीदार नोंदणीकृत नर्स, डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असावी लागते. वॉर्डातले मामा-मावशी कितीही विश्वासू असोत, शिकाऊ मुली कितीही हुशार असोत, त्यांची सही इथे चालत नाही. कारण साक्षीदाराला हिशेब तपासायचा असतो आणि चुकला तर उत्तर द्यायचं असतं. अगदी एकटीच सिस्टर असेल तर शेजारच्या वॉर्डातून बोलवायची किंवा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उभं करायचं.

शिल्लक १२. दोघींनी मोजली. एक बाहेर, ११ आत, कुलूप बंद.

आता लेबल. आपल्याकडे मॉर्फिनच्या १ मिलिलिटरच्या अँप्यूल दोन ताकदींच्या मिळतात, १० मिलिग्रॅमच्या आणि १५ मिलिग्रॅमच्या. हातात धरल्यावर दोन्ही सारख्याच चिमुकल्या दिसतात. १५ ची अँप्यूल १० ची समजून पातळ केली तर आजींना ३ च्या जागी ४.५ मिलिग्रॅम जाईल, आणि रजिस्टरमध्ये "टाकलं ७" असं सुबकपणे लिहिलं जाईल. म्हणून दोन ताकदींची पानं वेगळी ठेवतात, कप्पाही शक्य तर वेगळा. लेबल मी मोठ्यानं वाचते, मग साक्षीदार तिच्या डोळ्यांनी पाहून परत वाचते. नुसतं "हो हो" नाही.

आमची अँप्यूल १० मिलिग्रॅमची होती. मान मोडली, १ मिलिलिटर सिरिंजमध्ये अचूक १ मिलिलिटर ओढलं. इथे एक बारीक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अँप्यूलमध्ये औषध लेबलापेक्षा किंचित जास्त भरलेलं असतं, म्हणजे पूर्ण डोस ओढता यावा. १ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये साधारण १.१ भरतं. "सगळं ओढून घे" अशी सवय असेल तर सिरिंजमध्ये १० नाही, ११ मिलिग्रॅम येतं आणि पुढचा सगळा हिशेब तेवढ्यानं सरकतो. म्हणून रेघेपर्यंतच ओढायचं, आणि तळाशी जे थेंब राहतात तेही साक्षीदारासमोर कापसावर टिपायचे. रजिस्टरमध्ये मात्र हिशेब लेबलावरच्या १० चाच लिहायचा.

मग १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ९ मिलिलिटर नॉर्मल सलाईन आणि हे १. म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आजींना हवे ३ मिलिलिटर, जास्तीचे ७.

हे ७ कधी टाकायचे? मी आधी टाकते. ऑर्डर एकदाच ३ मिलिग्रॅमची असेल तर पूर्ण भरलेली सिरिंज बेडपाशी नेण्याचं काही कारण नसतं. सिरिंजमध्ये ३ च असतील तर अंधारात, घाईत, कुणी हाक मारली म्हणून हात पुढे सरकला तरी ४ जाणार नाहीत. अंदाज घेत थोडं थोडं द्यायची ऑर्डर असेल, म्हणजे २ द्या, थांबा, पाहा, परत २, तेव्हा अर्थातच आधी टाकता येत नाही. मग सिरिंजवर पेशंटचं नाव, औषध आणि ताकद लिहायची, आणि शेवटचा थेंब टाकून होईपर्यंत ती हातातून सोडायची नाही. ट्रेमध्ये ठेवून फोन घ्यायला जायचं नाही.

कुठे टाकायचं? पूर्वी सर्रास बेसिनमध्ये जायचं. आमच्याकडे आता जाड गॉज किंवा कापसाच्या घडीवर टाकतात, पूर्ण शोषलं गेलं की ती घडी पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार टाकाऊ औषधांची जागा पिवळ्या पिशवीत आहे आणि ती पिशवी पुढे जाळली जाते. प्रत्येक रुग्णालयाची याबद्दलची लेखी पद्धत असते, ती वाचून घ्यावी. पद्धत कुठलीही असो, टाकलेलं औषध कुणाला परत ओढून घेता येता कामा नये. भरलेली सिरिंज तशीच सुईच्या पांढऱ्या डब्यात टाकणं म्हणजे औषध नष्ट करणं नव्हे, ते फक्त डब्यात ठेवणं झालं.

एक वाजून शेहेचाळीस मिनिटांनी ७ मिलिलिटर कापसावर गेले. साक्षीदारानं सिरिंज स्वतःच्या हातात घेऊन दांडी ३ वर आहे हे पाहिलं. नोंद तिथल्या तिथे झाली: तारीख, वेळ, आजींचं नाव आणि आयपीडी नंबर, ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांचं नाव, आधीची शिल्लक १२, काढली १, आताची शिल्लक ११, ऑर्डर ३ मिलिग्रॅम, टाकलं ७ मिलिग्रॅम, दोघींच्या सह्या, सहीखाली पूर्ण नाव. आकडा मिलिग्रॅममध्ये, मिलिलिटरमध्ये नाही. कारण पातळ न करता टाकलं असतं तर तेच औषध ०.७ मिलिलिटर भरलं असतं. पुढे वाचणाऱ्याला ७ आणि ०.७ एकच आहेत हे कळायचा मार्ग नसतो. "दिलं" हा रकाना अजून कोरा होता. दिलं नव्हतंच, मग लिहायचं कशाला?

मग बेडपाशी गेले. नाव विचारलं, हातातला बँड पाहिला, श्वास मोजले, मिनिटाला १८. सावकाश द्यायला सुरुवात केली. एक मिलिग्रॅम, थांबले, दुसरं. आजींचा चेहरा सैल पडला, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि डोळे मिटले. हाक मारली की "हं" म्हणत होत्या, पण लगेच परत झोपत होत्या. श्वास पुन्हा मोजले तर १०. मी हात थांबवला, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, नॅलोक्सोनची अँप्यूल जवळ ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "बास, पुढचं नको." नॅलोक्सोन हे मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध. त्या रात्री ते लागलं नाही. अर्ध्या तासात श्वास १४ वर आले आणि वेदना ३ वर.

पण माझ्या सिरिंजमध्ये १ मिलिग्रॅम उरलं होतं. इतकुसं. याच १ मिलिग्रॅमवर लोक चुकतात. "जाऊ दे, दिलं ३ असंच लिही" असा विचार मनात येतो, कारण पहिली नोंद तशीच सजलेली असते आणि साक्षीदार परत कामाला गेलेली असते. मी तिला परत बोलावलं. तिनं सिरिंजमधलं १ पाहिलं, कापसावर गेलेलं पाहिलं. मग "दिलं" च्या रकान्यात २ लिहिलं, वेळेसकट. आधीच्या ७ चे ८ केले नाहीत. खाली नवी ओळ घेतली: एक अठ्ठावन्न, टाकलं १ मिलिग्रॅम, कारण श्वास मंदावल्यानं डोस थांबवला, डॉक्टरांना कळवलं, दोघींच्या सह्या. दोन वेळा टाकलं तर दोन नोंदी. २ अधिक ७ अधिक १ म्हणजे १०, आणि आजींच्या केसपेपरवरही २ च.

"दिलं ३" लिहिलं असतं तर रजिस्टर तितकंच जुळलं असतं. पण सकाळी राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनी ३ वाचलं असतं आणि पुढचा डोस ३ चा धरला असता, त्या बाईला, जिचा श्वास २ वरच १० झाला होता.

सुनेचा प्रश्न याच वेळचा. तिला मी म्हटलं, "ताई, ही अँप्यूल एकाच वापरापुरती असते. एकदा फोडली की आतलं औषध उघड्यावर आलं, सकाळपर्यंत ठेवलं तर त्यात जंतू जाऊ शकतात. शिवाय ते इथे टेबलावर राहिलं तर ते आजींचंच आहे, कुणी त्यात पाणी मिसळलं नाही, हे मी तुम्हाला सकाळी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आजींना परत दुखलं तर डॉक्टर पाहतील आणि मी नवीन फोडेन." पैशांचं तिचं म्हणणं खरंच होतं. बिलात पूर्ण अँप्यूल लागते. त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. पण टाकलेलं सगळं आजींच्या नावावर लिहिलेलं आहे, हे मी तिला रजिस्टरमधली आजींची ओळ दाखवून सांगितलं, बाकीच्या पेशंटची नावं हातानं झाकून.

न पाहता केलेली सही

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका रुग्णालयात, नाइट संपताना माझ्याबरोबरच्या सीनियरनं रजिस्टर पुढे केलं. "तीनच्या फेंटानिलचं डिस्कार्ड राहिलंय, सही कर." आठ वाजून काही मिनिटांची लोकल पकडायची होती. ती गेली की पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मी सही केली. तीन आठवड्यांनी फार्मसीच्या तपासणीत मला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला: सिरिंज किती मिलिलिटरची होती? मला सांगता आलं नाही. मी ती सिरिंज पाहिलीच नव्हती. त्या सीनियरनं काही गैर केलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. कदाचित ती नुसतीच थकलेली होती. पण माझी सही खोटी होती, आणि तिच्यामुळे खरं काय घडलं ते शोधायची वाटच बंद झाली.

म्हणून आता मी नव्या मुलींना सांगते की उशिरा आलेल्या रजिस्टरवर साक्षीदाराची सही करायची नाही. औषध टाकताना कुणी नव्हतं, तर तसंच लिहायचं: "साक्षीदार उपलब्ध नव्हता", वेळ, कारण, आणि इनचार्जला लगेच कळवायचं. ती नोंद दिसायला वाईट असते, तिची चौकशी होते, बोलणी बसतात. पण ती खरी असते.

गडबड कशी ओळखू येते

इनचार्ज म्हणून महिन्याच्या शेवटी मी रजिस्टर घेऊन बसते तेव्हा बेरजा जुळतात का हे शेवटी पाहते. बेरजा बहुतेक जुळतातच. मी आधी वेळा पाहते. काढलं ११ वाजता आणि टाकलं साडेतीनला असेल, तर मधले साडेचार तास सिरिंज कुठे होती? मग जोड्या पाहते. टाकणारी आणि साक्षीदार कायम त्याच दोघी असतील आणि ड्यूटी चार्टमध्ये त्या दिवशी एकीची सुट्टी असेल, तर प्रश्न तिथेच उभा राहतो. मग अँप्यूलचा आकार. फेंटानिलच्या २ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं, १० मिलिलिटरच्यात ५००. ऑर्डर ५० ची असताना मोठी फोडली, तर ५० च्या जागी ४५० टाकावं लागतं. लहान संपलेल्या असल्या तर ठीक, पण लहान शिल्लक असताना एखादीच्या शिफ्टला नेहमी मोठीच फुटत असेल तर मी विचारते.

सगळ्यात बोलकी खूण मात्र रजिस्टरमध्ये नसते, केसपेपरमध्ये असते. डोस दिल्याची नोंद आहे, पण अर्ध्या तासानं वेदना ८ च्या ८, झोप नाही, श्वासात फरक नाही, आणि हे एकाच पेशंटला नव्हे तर चार-पाच जणांना, एकाच शिफ्टमध्ये. याचा अर्थ एकतर डोस अपुरे आहेत, किंवा पेशंटना मिळतंय ते मॉर्फिन नाही. दोन्ही गोष्टी लगेच वर कळवण्यासारख्या. म्हणून डोसनंतरची वेदना आणि श्वासाची नोंद मी नार्कोटिकच्या हिशेबाचाच भाग मानते, भले ती वेगळ्या कागदावर असो.

यात कुणाकडे बोट दाखवायची घाई करायची नसते, हे मी तितक्याच कळकळीनं सांगते. औषधाच्या आहारी गेलेली सहकारी ही आजारी माणूस असते. तिला वाचवायचं तर लवकर कळायला हवं, आणि तिच्या हातातल्या पेशंटलाही. गप्प राहून आपण दोघांनाही बुडवतो.

साध्या अपघातांचं सोपं आहे. अँप्यूल पडून फुटली तर काचा उचलण्याआधी दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं, तिला दाखवायचं, "फुटली" अशी नोंद करायची, शिल्लक एकनं कमी. लिहिण्यात चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, वेळ, सही. व्हाइटनर कधीच नाही, पान फाडणं तर नाहीच. म्हणून पानांना छापील नंबर असतात. रुग्णालय संगणकीकृत असलं तरी यातलं काही बदलत नाही, फक्त सहीच्या जागी पासवर्ड येतो. तो दुसरीला सांगणं म्हणजे कोऱ्या पानावर सही करून देण्यासारखंच.

मोजणीत एक कमी आली तर त्या क्षणी हँडओव्हर थांबतो. आधी परत मोजायचं, खोक्याच्या झडपा उलगडून. मग शेवटच्या जुळलेल्या मोजणीपासून पुढची प्रत्येक नोंद त्या त्या पेशंटच्या केसपेपरशी ताडायची. बहुतेक वेळा एखादा डोस दिलेला सापडतो, ज्याची ओळ गडबडीत लिहायची राहिलेली असते. नाही सापडलं तर मेट्रन, फार्मसी आणि प्रशासन, लेखी, त्याच शिफ्टमध्ये. तोवर कुणी घरी जात नाही, गाडी चुकली तरी.

त्या दिवशी सकाळी आमचं जुळलं. शिल्लक ११, रिकामी अँप्यूल १. ही रिकामी काच आमच्याकडे फार्मसीत परत जाते. इंडेंट म्हणजे मागणीपत्राबरोबर ती दाखवल्याशिवाय नवी मिळत नाही, आणि तिथून ती काचेच्या निळ्या डब्यात जाते. मॉर्निंगच्या सिस्टरनं अकराच्या अकरा बोटानं मोजल्या, आजींच्या दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, "दुसरी ओळ का?" मी सांगितलं. तिनं हँडओव्हरच्या वहीत लाल पेनानं लिहिलं: बेड १४, मॉर्फिन २ मिलिग्रॅमवर श्वास १०, पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारणे. मग मी कमरेची चावी काढून तिच्या हातात दिली आणि आम्ही दोघींनी सह्या केल्या. आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती.